‘मागील वर्षी घेतले आहे, आहे त्यात भागवावे’

आज माझा अर्ज परत आला. परजीवीशास्त्राच्या प्रॅक्टिकलसाठी स्लाइड, रक्ताची स्लाइड रंगवायचा लीशमन स्टेन, पाण्याचा पीएच सांभाळणाऱ्या बफरच्या गोळ्या आणि नमुन्यांच्या बरण्या मागितल्या होत्या. कोपऱ्यात लाल शाईत शेरा, वर दिलाय तोच. बफरवर तर सरळ काट! का, तर नळाला पाणी आहे.

मला ती मुलगी आठवली. गेल्या वर्षी मलेरियाची स्लाइड बघून तिने वहीत फार सुरेख चित्र काढलं. तांबड्या पेशी, त्यावर गडद जांभळे ठिपके, खाली मलेरियाच्या परजीवीचं नाव, ‘प्लाझ्मोडियम’. मी डोळा लावला. तो माझ्या जुन्या स्टेनचा गाळ होता. फाइन फोकस जरासा फिरवला की गाळाचे कण ठसठशीत दिसतात आणि पेशी धूसर होतात, कारण गाळ पेशींच्या वर बसलेला असतो. खरा परजीवी पेशीच्या आत असतो, पेशीबरोबरच फोकसमध्ये येतो: निळसर कडं, त्यावर लाल टिंब. हे तिला तोंडी सांगितलं. दाखवायला धड स्लाइड नव्हती.

लीशमन मेथॅनॉलमध्ये बनवतात. बाटली सारखी उघडली की मेथॅनॉल उडतं, गाळ धरतो. हवेतली ओल शिरली की पेशींना भोकं पडल्यासारखी दिसतात. स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर, आधी नुसता स्टेन घालून दोन मिनिटं थांबायचं, मग त्याच्या दुप्पट बफर मिसळून सात-आठ मिनिटं. मलेरियासाठी बफर ७.२ पीएचचा हवा. पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर पेशी भडक गुलाबी होतात आणि व्हायवॅक्स जातीचा मलेरिया ओळखायचे शफ्नरचे बारीक ठिपके उमटतच नाहीत. नळाच्या पाण्याचा पीएच काय, हे शेरा मारणाऱ्याने एकदा मोजून बघावं!

धुतलेल्या स्लाइड ओल्या माउंटला, म्हणजे थेंबात नमुना ठेवून बघायला, चालतात, मान्य. पण काचेवर तेलकटपणा राहिला तर रक्ताचा स्मिअर सलग पसरत नाही.

बरण्यांचं तर बोलूच नका. ॲस्कॅरिसच्या बरणीचं झाकण तडकलंय. फॉर्मॅलिन उडून पातळी उतरली, जंताचा वरचा भाग उघडा पडून सुरकुतला. दर वेळी नुसतं पाणी ओतून भरली तर द्रावण पातळ होत जातं, नमुना सडतो. बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, असं ताजं करून घालतो मी. पण तडकलेल्या झाकणाखाली ते किती दिवस टिकणार?

प्राचार्य सर वाईट नाहीत. त्यांच्या टेबलावर सगळ्याच विभागांचे अर्ज असतात, पैसे तेवढेच. मीही अर्जात नुसती यादी दिली होती, कारण लिहिलं नव्हतं. त्या मुलीने मी सांगितल्यावर ते चित्र खोडलं, काही बोलली नाही. तेच मला अजून टोचतंय.

उद्या अर्ज नव्याने लिहून नेतोय. प्रत्येक वस्तूपुढे कारण. सोबत ती गाळाची स्लाइड आणि मायक्रोस्कोपही. सरांनी स्वतः फोकस फिरवून बघावं.