उलट्या फोटोतलं पान सरळ करताना: एका प्रतिक्रियेला उत्तर

मुलं पेपरच्या पानाचा फोटो पाठवतात, आम्ही त्यातले प्रश्न उतरवून उत्तरं देतो. असा फोटो उलटा आला तर पान सरळ कसं करायचं यावर आम्ही एक लेख लिहिला होता, त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: "फोटो उलटा आला तर बोटानं फिरवायचा, एवढ्याशा गोष्टीला इतका लांब लेख कशाला? आणि तुमच्याच पद्धतीनं सरळ केलेल्या पानात माझ्या मुलीच्या प्रश्न ३ च्या पर्यायांत प्रश्न ८ चे पर्याय मिसळले होते. तिनं पान नीट ठेवून फोटो काढला होता. मग चूक कोणाची?" (एक आई, इंदूर)

ताई, चूक आमची. मुलीचा काही दोष नाही. चूक कुठे झाली ते तुम्ही पाठवलेल्या त्याच फोटोवर दाखवतो, कारण बोटानं फिरवल्यावर पान सरळ दिसतं, पण ते वाचण्याजोगं झालेलं असतंच असं नाही.

आधी बोटानं फिरवण्याबद्दल. फोटोच्या फाइलमध्ये चित्र असतं, आणि सोबत 'हे चित्र कसं धरून दाखवायचं' अशी एक छोटी नोंदही असते. ती नोंद 1 असेल तर चित्र आहे तसं दाखवायचं, 3 असेल तर पूर्ण उलटवून, 6 असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाव फेरा देऊन, आणि 8 असेल तर काट्याच्या उलट दिशेनं पाव फेरा देऊन. फोनच्या गॅलरीत फोटो फिरवला की अनेकदा ही नोंदच बदलते, आतलं चित्र जागचं हलत नाही. ही नोंद वाचणारं अॅप फोटो सरळ दाखवतं, न वाचणारं आडवाच घेतं. म्हणून एकाच्या फोनवर सरळ दिसणारं पान दुसऱ्याच्या संगणकावर आडवं उघडतं आणि दोघंही खरंच बोलत असतात. उलट बाजूनंही गडबड होते: चित्र प्रत्यक्ष फिरवलं, पण जुनी नोंद तशीच राहिली, तर पुढचं अॅप ते दुसऱ्यांदा फिरवतं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो नव्यानं दाबला जातो आणि ही नोंद सहसा टिकत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

मुलीनं पान नीट ठेवूनही फोटो उलटा का आला, हेही इथेच सांगतो. फोनला वर-खाली कळतं ते गुरुत्वाकर्षणाच्या ओढीवरून. फोन हातात उभा असेल तर ओढ पडद्याच्या खालच्या कडेकडे असते आणि दिशा स्पष्ट कळते. टेबलावरच्या पानावर फोन आडवा धरला की तीच ओढ पडद्याच्या पाठीमागे, थेट पानाकडे जाते. डावी-उजवी किंवा वर-खाली अशी बाजू ठरवायला फोनकडे जवळजवळ काहीच उरत नाही, आणि तो आधीची दिशा धरून ठेवतो. तुमच्या फोटोत नोंद 1 आहे, म्हणजे फोनच्या मते सगळं सरळ होतं. मुलगी बहुधा पानाच्या वरच्या कडेकडे उभी होती, त्यामुळे चित्रच १८० अंशांनी उलटं आलं. नोंदीवर विसंबून चालत नाही ते यासाठीच. नोंद पाहायची, पण निर्णय पानावरच्या अक्षरांवरून घ्यायचा.

देवनागरीत हा निर्णय सोपा आहे. शिरोरेषा पाहा. सरळ ओळीत अक्षरं रेषेला लोंबतात, आणि अनुस्वार, वेलांट्या, मात्रा रेषेच्या वर जातात. उलट्या ओळीत तीच रेषा जमिनीसारखी खाली येते, अक्षरं तिच्यावर उभी राहिल्यासारखी दिसतात आणि अनुस्वार जमिनीखाली पडलेला असतो. फोटो इतका धूसर असला की एकही शब्द लागत नाही, तरी काळी आडवी रेघ ओळीच्या वरच्या भागात आहे की खालच्या, एवढं दिसतंच.

निव्वळ आकड्यांच्या पानावर मात्र हा आधार नसतो, आणि सर्वांत घातक चूक तिथेच होते, कारण ती चुकीसारखी दिसत नाही. इंग्रजी अंकांतले 0, 1 आणि 8 उलटे केले तरी बहुतेक छपाईत तसेच दिसतात, 6 चा 9 होतो आणि 9 चा 6. आता हे उदाहरण घ्या:

89 − 61

पान उलटं धरलं की इथे वाचलं जातं:

19 − 68

दोन्ही गणितं धडधाकट दिसतात. पहिल्याचं उत्तर 28, दुसऱ्याचं −49. अपूर्णांकातही तसंच: 6 वर आणि 8 खाली असेल, तर उलट्या पानात 8 वर आणि 9 खाली दिसतो. देवनागरी ३ उलटा केला की ६ चा भास होतो, फक्त शेपटी खालून वर गेलेली असते. अशा पानावर 3, 4 किंवा 7 शोधायचा, कारण हे अंक उलटे झाले की लगेच खटकतात. एखादा दशांशचिन्हाचा टिंब असेल तर तो अंकांच्या तळाशी आहे की डोक्याशी, तेही पाहायचं. एवढं करूनही काहीच ठरत नसेल, तर उत्तर न देता दुसरा फोटो मागवायचा. यात आम्ही सवलत देत नाही.

आता तुमचं पान. त्यावर दोन रकाने आहेत. डाव्यात प्रश्न १ ते ५, उजव्यात ६ ते १०. उलट्या फोटोत प्रश्न १ ची सुरुवात खाली उजव्या कोपऱ्यात गेली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रश्न १० चा शेवट आला. कोणी पान न फिरवता नुसत्या ओळी ओळखून वरून खाली उतरवायला लागला, तर प्रश्न उलट्या क्रमानं येतीलच, शिवाय उजवा रकाना आधी येईल. इंदूरच्या बऱ्याच पेपरांत आधी हिंदी मजकूर आणि त्याखाली इंग्रजी असतो. अशा वेळी उलट्या क्रमात इंग्रजी मजकूर आधीच्या प्रश्नाच्या हिंदीला चिकटतो. म्हणून पान अख्खंच फिरवायचं. तुकड्यातुकड्यानं कधीच नाही.

संगणकावर आम्ही ते असं करतो:

```
exiftool -n -Orientation paan.jpg
magick paan.jpg -auto-orient paan1.png
tesseract paan1.png - --psm 0
magick paan1.png -rotate 180 -deskew 40% paan2.png
```

पहिली ओळ नोंद दाखवते. दुसरी ती नोंद चित्रात उतरवते, म्हणजे पुढे कोणी दुसऱ्यांदा फिरवायला नको. तिसरी अक्षरांवरून दिशा ओळखते आणि `Rotate: 180` अशी ओळ देते, त्याखाली `Orientation confidence` हा खात्रीचा आकडाही येतो. पानावर मजकूर थोडा असेल तर ती `Too few characters` म्हणून थांबते. आकृत्या आणि आकडे असलेल्या पानांवर हे नेहमी होतं, तेव्हा डोळ्यांनीच ठरवावं लागतं. चौथ्या ओळीतला 180 हा तिसऱ्या ओळीनं दिलेला आकडा आहे. तो प्रत्येक पानाला वेगळा असू शकतो.

त्या ओळीतलं `-deskew` हे आमच्या लेखात नव्हतं, आणि तुमच्या प्रश्न ३ चा घोटाळा तिथेच झाला. पान १८० अंशांनी फिरवल्यावर सरळ दिसलं, पण फोन हातात किंचित तिरका असल्यानं सुमारे २ अंशांचा कल उरला. डोळ्याला तो जाणवतही नाही. हिशोब मात्र करून पाहा. मजकुराची उंची २५ सेंटिमीटर धरली, तर २ अंशांच्या कलानं वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सगळं जवळजवळ ९ मिलिमीटर बाजूला सरकतं. दोन रकान्यांमधली कोरी पट्टी होती ८ मिलिमीटरची. आम्ही रकाने वेगळे करायचो ते वरपासून खालपर्यंत सरळ उभी कोरी पट्टी शोधून, आणि तिरक्या पानात तशी पट्टी उरलीच नाही. मग दोन रकाने एकच समजले गेले आणि ओळी पानाच्या पूर्ण रुंदीनं वाचल्या गेल्या. प्रश्न ३ च्या शेजारी प्रश्न ८ होता, म्हणून (अ) आणि (ब) एकाचे, (स) आणि (द) दुसऱ्याचे असे आले. त्यात भर म्हणजे १८ सेंटिमीटर रुंदीवर याच कलानं ओळ ६ मिलिमीटर खाली-वर होते, म्हणजे जवळपास एक अख्खी ओळ. त्यामुळे शेजारच्या रकान्यातली ओळही एका जागेनं चुकीची जोडली गेली.

`-deskew` लहान कल काढतं, पण पान उलटं आहे की सुलटं हे त्याला कळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी दिशा, मग कल, मग रकाने, मग पर्याय. आणि फोटोत टेबलाची कड किंवा चटईच्या रेघा दिसत असतील तर ते त्यांनाच ओळी समजून भलतीकडे वळवतं, तेव्हा आधी पानाच्या कडांपर्यंत क्रॉप करावं. फोनवर करायचं असेल तर क्रॉपच्या पडद्यावर जाळीच्या रेघा येतात. त्यातली आडवी रेघ पानाच्या मधल्या एखाद्या लांब शिरोरेषेवर आणायची आणि खालची पट्टी सरकवून दोन्ही एकावर एक बसवायच्या. पुस्तकाच्या शिवणीजवळचं पान फुगलेलं असेल तर मात्र कोणताही एकच कोन पूर्ण पानाला लागू पडत नाही. तिथे पान दाबून सपाट करून नवा फोटो काढणं हाच मार्ग.

रकाने पडल्यावर पर्याय जोडताना आता आम्ही जागेवर नाही, तर खुणांवर जातो. चौकोनात मांडलेले पर्याय काही पेपरांत आडवे वाचायचे असतात (वर अ, ब आणि खाली स, द), काहींत उभे (डावीकडे अ, ब आणि उजवीकडे स, द). प्रत्येक प्रश्नाला अ, ब, स, द प्रत्येकी एकदाच मिळाले का, आणि प्रश्नांचे क्रमांक १ ते १० न तुटता आले का, हे मोजल्याशिवाय उत्तर लिहायला घेत नाही. ही मोजणी असती तरी तुमच्या प्रश्न ३ ला चूक पकडली गेली नसती, कारण तिथे चारही अक्षरं होती, फक्त दोन परक्या प्रश्नाची. म्हणून आता आणखी एक गोष्ट पाहतो: एका प्रश्नाचे चारही पर्याय एकाच जातीचे आहेत का. तुमच्या पानात दोन पर्याय सेंटिमीटरमध्ये होते आणि दोन रुपयांत.

मुलीसाठी एवढंच: फोटो काढण्याआधी फोन क्षणभर छातीसमोर उभा धरायचा, मग पानाच्या खालच्या कडेकडे उभं राहून तो पानावर झुकवायचा आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. प्रश्न ३ आणि ८ नव्यानं उतरवून दोन्हींची उत्तरं तुम्हाला पाठवली आहेत. प्रश्न ३ चं आधीचं उत्तर तिनं वहीतून खोडावं, प्रश्न ८ चं उत्तर तेच राहिलं आहे.