आरटीईची सोडत ‘फिक्स’ असते, असं म्हणणाऱ्यांसाठी

“आमचं घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. तरी आमच्या मुलाचा नंबर लागला नाही आणि मागच्या गल्लीतल्या मुलाचा लागला. वेटिंगला चौथा नंबर होता, तोही सरकला नाही. वर शाळेत आरटीईच्या जागा रिकाम्या आहेत म्हणतात. म्हणजे सोडत नुसता देखावा, जागा आधीच विकलेल्या असतात. सगळ्या पालकांना पाठवा.”

हा मजकूर दर वर्षी सोडतीनंतर आठवडाभरात पालकांच्या गटांतून फिरू लागतो. तो लिहिणाऱ्याचं दुःख खरं आहे, त्याबद्दल वादच नाही. खासगी शाळेची फी परवडत नाही म्हणूनच तर माणूस या दारात उभा राहतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो नुकसान करतो. जागा विकलेल्याच आहेत असं एकदा मनात बसलं की पालक स्वतःचा अर्ज पुन्हा उघडून बघत नाहीत, आणि नंबर का लागला नाही याचं उत्तर बहुतेकदा तिथेच असतं. आमच्या वस्तीतल्या पालकांचे अर्ज भरायला मी मदत करते. मी लिहिते आहे ते २०२५-२६ च्या प्रवेशप्रक्रियेच्या आधारे.

आधी घराचं अंतर. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने पहिल्या वर्गातल्या, म्हणजे जिथून शाळा सुरू होते त्या वर्गातल्या, किमान २५ टक्के जागा वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या असतात. महाराष्ट्रात या जागा भरताना आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली मुलं घेतात. त्यातूनही जागा उरल्या तर एक ते तीन किलोमीटरची, आणि मग त्यापलीकडची. सोडत होते ती या टप्प्याच्या आत. त्यामुळे घर शाळेच्या भिंतीला लागून असलं काय आणि नऊशे मीटरवर असलं काय, दोघांची संधी सारखीच. पण नऊशे मीटर आणि अकराशे मीटर यांच्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

एक उदाहरण करून बघू. समजा एका शाळेत आरटीईच्या २५ जागा आहेत आणि १४० अर्ज आले. त्यातली ६० मुलं एक किलोमीटरच्या आतली, ८० मुलं एक ते तीनमधली. पंचवीसच्या पंचवीस जागा त्या साठांतूनच भरल्या जाणार. जवळच्या मुलाला साधारण पाचांत दोन एवढी संधी, म्हणजे जवळ राहूनही निम्म्याहून जास्त मुलं बाहेरच राहणार. आणि लांबच्या ऐंशींपैकी एकाचंही नाव निवड यादीत येणार नाही. त्या ऐंशी घरांतल्या प्रत्येकाला वाटेल की आपल्यावर अन्याय झाला. कुणी काही विकलेलं नसताना, निव्वळ नियम आणि आकडे यांच्यामुळे चित्र असं दिसतं.

आता मागच्या गल्लीतला मुलगा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. संगणक तुमचा पत्ता वाचून अंतर काढत नाही. अर्ज भरताना पोर्टलवर गुगलचा नकाशा उघडतो, त्यावर एक लाल फुगा असतो आणि तो सरकवून आपल्या घरावर आणायचा असतो. फुगा जिथे सोडला, ते तुमचं घर. तिथूनच शाळांची यादी एक किलोमीटर, एक ते तीन अशी पडते.

हडपसरकडच्या एका आईचा अर्ज सोडतीनंतर आम्ही उघडून बघितला. पत्ता बिनचूक होता, घर शाळेपासून खरोखर जवळ. पण फुगा घरावर नव्हताच. तो मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यापाशी होता. अर्ज मोबाइलवर भरलेला, छोट्या पडद्यावर अंगठ्याने नकाशा ओढला, चाळीचं नाव नकाशात सापडेना, म्हणून ओळखीच्या खुणेवर फुगा ठेवून पुढचं बटण दाबलं. तेवढ्याने त्यांची पहिल्या पसंतीची शाळा एक ते तीनच्या टप्प्यात गेली. शेजारच्यांचा फुगा गल्लीत बरोबर होता. दोन घरांत भिंतीचं अंतर, पण संगणकाच्या लेखी एक घर आत आणि दुसरं बाहेर. सोडतीच्या आधीच तो निकाल लागून गेला होता.

प्रत्येक वेळी कारण फुगाच असतो असं मी म्हणत नाही. दोन्ही घरं एकाच टप्प्यात असतील तर एकाचा नंबर लागणं आणि दुसऱ्याचा न लागणं हे नशीबच, सोडत म्हणतात ती यालाच. पण आणखी एक कारण वारंवार दिसतं. संधी वाढावी म्हणून आई एक अर्ज भरते आणि काका सायबर कॅफेतून दुसरा. एकाच बालकाचे दोन अर्ज सापडले की दोन्ही बाद होतात, ते मूल सोडतीत धरलंच जात नाही. यादीत नाव शोधणाऱ्या घरच्यांना याचा पत्ता नसतो.

वेटिंगचा चौथा नंबर. रेल्वेच्या वेटिंगची सवय असल्यामुळे चार म्हणजे झालंच असं आपण धरून चालतो. इथली प्रतीक्षा यादी त्या-त्या शाळेची असते. त्या शाळेत निवड झालेल्या मुलांपैकी कुणी कागदपत्रांच्या पडताळणीत बाद झालं, किंवा मुदतीत प्रवेशच घेतला नाही, तरच यादी पुढे सरकते. मागणी असलेल्या शाळेत पंचवीसच्या पंचवीस पालक पहिल्याच दिवशी फाइल घेऊन पडताळणी समितीपुढे हजर असतात. तिथे चौथाच काय, पहिला नंबरही जागचा हलत नाही. मागणी कमी असलेल्या शाळेत मात्र बाराव्या नंबरालाही बोलावणं येऊ शकतं.

प्रतीक्षा यादीत नावच नाही, ही तक्रारही याच जातीची. यादीला मर्यादा असते, सगळे उरलेले अर्ज तिच्यात जात नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या सोडतीत राज्यभरातून ३ लाखांवर अर्ज होते. निवड झाली सुमारे १ लाख २ हजार मुलांची, प्रतीक्षा यादीत आली सुमारे ८५ हजार. म्हणजे लाखाहून जास्त मुलं दोन्ही याद्यांत नव्हती. आपल्या वरच्या उदाहरणातल्या शाळेने २५ जणांची प्रतीक्षा यादी लावली असं धरा. ती एक किलोमीटरच्या आत उरलेल्या पस्तीसांतूनच पूर्ण भरेल, त्यातलेही दहा बाहेर राहतील. लांबच्या ऐंशींचं नाव इथेही दिसणार नाही.

एक मात्र सांगायलाच हवं: नंबर लागूनही जागा जाते, ती एसएमएसमुळे. अर्जात दिलेला नंबर कॅफेवाल्याचा असतो, किंवा मधल्या काळात सिम बदललेलं असतं. प्रतीक्षा यादीच्या फेरीची मुदत संपते आणि जागा पुढच्या मुलाकडे जाते. एसएमएसवर विसंबून राहू नका, पोर्टलवर अर्जाची स्थिती बघत राहा, असं शिक्षण विभागही दर वर्षी सांगतो. student.maharashtra.gov.in या पोर्टलच्या आरटीई विभागात `Application Wise Details` मध्ये अर्ज क्रमांक टाकला की काय झालं ते दिसतं. वेटिंगला असाल तर हे रोज बघायचं.

रिकाम्या जागांचा मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो. २०२५ मध्ये जागा सुमारे १ लाख ९ हजार होत्या. वरचा आकडा आठवा: निवड १ लाख २ हजारांची. दारात तीन लाख अर्ज उभे असताना पहिल्याच सोडतीत सात हजारांच्या आसपास जागांना मूल मिळालं नाही. कारण साधं आहे. जागा शाळेला बांधलेली असते आणि अर्जही पालकाने निवडलेल्या शाळांनाच बांधलेला असतो, जास्तीत जास्त दहा. ज्या शाळेला आसपासच्या कुणी पसंती दिली नाही तिची जागा रिकामी राहते. तुम्ही ती शाळा निवडलीच नसेल तर संगणक तुमचं मूल आपणहून तिथे पाठवत नाही. जिल्ह्यात इतक्या जागा रिक्त, अशी बातमी वाचून आपल्या शाळेतही जागा आहे असं समजू नका. दहा शाळा भरल्या पण दहाही नामवंत, आणि त्यातल्या नऊ एक किलोमीटरच्या बाहेरच्या, असे अर्ज मी कितीतरी बघितलेत. कागदावर दहा पर्याय, प्रत्यक्षात एकच. जवळची, कमी नावाजलेली, पण आपल्याला चालेल अशी एखादी शाळा त्या दहांत असायलाच हवी. शाळेत अर्जच जागांपेक्षा कमी आले तर तिथे सोडतीची गरजही पडत नाही.

मग गैरप्रकार होतच नाहीत का? होतात. पण ते सोडतीच्या यंत्रात नसून कागदांत आणि त्या फुग्यात असतात. खोटा भाडेकरार करून शाळेच्या शेजारी घर दाखवणं, उत्पन्नाचा खोटा दाखला जोडणं हे प्रकार घडलेले आहेत. नागपुरात २०२४ मध्ये बनावट कागदपत्रांवर प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे नोंदले गेले. अशा प्रत्येक खोट्या अर्जापायी एक किलोमीटरच्या आतल्या एका खऱ्या मुलाची जागा जाते, आणि याची मला मनापासून चीड येते. म्हणूनच ‘सगळंच फिक्स आहे’ हे वाक्य मला घातक वाटतं. त्यावर कोणतंही कार्यालय काहीही करू शकत नाही. निवड झालेल्या अमुक अर्जात दाखवलेल्या ठिकाणी ते कुटुंब राहत नाही, त्यांचा भाडेकरार नोंदणीकृत नाही, असं लेखी दिलं तर पडताळणी समितीला ते तपासावं लागतं. पत्ता किंवा कागद खोटा निघाला तर प्रवेश रद्द होतो, आणि ती जागा त्याच शाळेच्या प्रतीक्षा यादीला मिळते. तुमचा चौथा नंबर सरकायचा असेल तर तो असाच सरकेल.

हा तक्रारीचा अर्ज ग्रामीण भागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे द्यायचा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. पडताळणी चालू असतानाच द्यायचा, प्रवेश पक्के झाल्यावर नाही. शंका स्वतःच्याच अर्जाबद्दल असेल तर त्याची प्रत काढा आणि तीन गोष्टी बघा: फुगा कुठे आहे, निवडलेल्या शाळा किती लांब आहेत, आणि घरातल्या कुणी दुसरा अर्ज भरलाय का. फुगा चुकला असेल तर सोडतीनंतर तो सरकवता येत नाही, हे कटू आहे पण खरं आहे. मूल पुढच्या वर्षी वयात बसत असेल आणि याआधी आरटीईतून प्रवेश घेतलेला नसेल, तर पुन्हा अर्ज करता येतो. त्या वेळी नकाशा मोबाइलवर न उघडता मोठ्या पडद्यावर उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि आपल्या घराचं छप्पर ओळखू आल्याशिवाय फुगा सोडू नका.