"मुलगा बोलत असेल तर क्रियापदाच्या शेवटी 'तो', मुलगी बोलत असेल तर 'ते', एवढं बदललं की कोणतंही प्रेमाचं वाक्य मराठी-हिंदीत बरोबर होतं"

नाही हो, हे अर्धंच खरं आहे. 'मी तुझ्यावर प्रेम करतो / करते' मधे चालतं, कारण तिथे करणारा 'मी' आहे, हिंदीत 'करता हूँ / करती हूँ' तसंच. पण 'आवडणे' मधे कर्ता समोरचा असतो. माझ्या मैत्रिणीने नागपूरच्या सीताबर्डीवरून होणाऱ्या नवऱ्यासाठी कॉफीचा मग प्रिंट करून घेतला, दुकानवाल्याने पोरगी देते आहे म्हणून 'तू मला आवडतेस' छापून दिलं, म्हणजे पोराला पोरगी करून टाकलं, तिला खूप वाईट वाटलं बाप्पा. तिथे 'आवडतोस' पाहिजे होतं, देणारा कोणीही असो. हिंदीतही तेच, मुलाला 'तुम मुझे अच्छे लगते हो', मुलीला 'अच्छी लगती हो'.

आणखी एक फसवणारं वाक्य म्हणजे 'मला तुझी आठवण येते'. इथलं 'येते' पाहून मुलं 'आठवण येतो' करतात, अरे ते 'आठवण' ह्या शब्दाचं लिंग आहे, तुमचं नाही, मुलगा असो की मुलगी 'येते'च राहील.

कार्ड कोण कोणाला देणार माहीतच नसेल तर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' छापा, हिंदीत 'मुझे तुमसे प्यार है', दोन्हीत क्रियापद प्रेमाकडे पाहतं, माणसांकडे नाही. फक्त पुढे 'माझ्या राजा' की 'माझ्या राणी' जोडलं की लिंग परत आलं, तेवढं विचारून घ्या.