तुमच्या देशात उपलब्ध नाही

लेक जर्मनीला शिकायला गेली त्याला तीन महिने झाले होते. एका रविवारी तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, एखादा पिक्चर सांग ना, बरं वाटेल असा." मी म्हटलं, एवढंच? तिने पैसे मागितले नव्हते, कुठल्या दाखल्यावर साहेबाची सही मागितली नव्हती, नुसतं पिक्चरचं नाव मागितलं होतं. साताऱ्यातली सगळी थिएटरं पालथी घातलेल्या बापाला यात अवघड ते काय!

पुढचे दोन महिने मी हेच काम करत होतो.

आधी तिकडचा रविवार सांगतो, कारण सगळं दुखणं त्या रविवारचं आहे. ती राहते ते गाव माग्डेबुर्ग. तिथे रविवारी दुकानं बंद. कपड्यांचीच नाही, किराण्याचीसुद्धा. शनिवारी दूध आणायचं विसरलं की सोमवारपर्यंत कोरा चहा. डिसेंबरात संध्याकाळी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यातून रविवार हा कायद्याने शांततेचा दिवस, म्हणजे भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर चौपाटीला पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याच वेळी ही पोरगी दहा बाय बाराच्या खोलीत दिवा लावून भिंतीकडे बघत बसलेली. आमची आई म्हणाली, "आगं, मग शेजारी जाऊन बस की." शेजारी जाऊन बसायला तिकडे आठवडाभर आधी विचारावं लागतं, हे आईला अजून पटलेलं नाही.

मी पहिलं नाव सांगितलं 'स्वदेस'. माझा हिशेब सरळ होता. त्याचं बरंचसं शूटिंग आपल्या वाईजवळच्या मेणवलीला झालंय. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, सगळं ओळखीचं. चित्रपटात ते गाव उत्तर प्रदेशातलं चरणपूर म्हणून दाखवलंय, पण घाट आपला तो आपलाच. पोरीला घरबसल्या वाई दिसेल, आणखी काय पाहिजे?

रात्री दीड वाजता फोन. आमच्यात आणि तिच्यात हिवाळ्यात साडेचार तासांचं अंतर, म्हणजे तिच्याकडे नऊ वाजले होते. नुसते हुंदके. घाट दिसला तेव्हा पहिला हुंदका, कारण तिथल्या पायऱ्यांवर बसून आम्ही कणीस खाल्लं होतं. स्टेशनावर तो लहान पोरगा पंचवीस पैशांना पाणी विकतो तिथे दुसरा. आणि नासातली नोकरी सोडून हिरो परत येतो तिथे तर बांधच फुटला. मी मात्र त्या शेवटाच्या आठवणीने अंथरुणात ताडकन उठून बसलो. शैक्षणिक कर्जाचे कागद अजून कपाटात नव्याकोऱ्या वासाचे होते आणि मी मुलीला सगळं सोडून घरी येणाऱ्या माणसाचा पिक्चर दाखवला होता! बायको अंधारातच म्हणाली, "आता तिकिटाचे दर बघत असेल ती." खरंच बघत होती.

तेव्हा एक गोष्ट कळली. घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्याला घराच्या आठवणीचा पिक्चर दाखवणं म्हणजे पोट बिघडलेल्याला मिसळ देणं. चव ओळखीची असते, पण नंतरचं निस्तरायचं कुणी?

मग मी सल्ले गोळा करायला लागलो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने 'श्वास' सुचवला. "ऑस्करला गेलेला पिक्चर आहे साहेब, दर्जेदार." दर्जाबद्दल वादच नाही. पण आजोबा नातवाला शहरात नेतात, नातवाच्या डोळ्यांना कर्करोग निघतो, आणि ऑपरेशनआधी ते त्याला एक दिवस जग दाखवतात, हा रविवारच्या अंधारात एकटीने बघायचा विषय आहे का? आईने ठामपणे 'माहेरची साडी'चं नाव घेतलं. १९९१ साली तो पाहताना तिचा पदर पिळण्याइतका भिजला होता म्हणे. मी म्हटलं, "आई, तिला बरं वाटायला हवंय." आई म्हणाली, "रडून बी बरं वाटतं." यात तथ्य आहे, पण जवळ कुणीतरी पाणी द्यायला असेल तर.

इकडे लेकीच्या मजल्यावरच्या एका कोरियन मुलीने तिला एक जपानी कार्टून दाखवलं, 'माय नेबर टोटोरो', १९८८ सालचं. लेकीला फार आवडलं. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात, रानात एक मोठा केसाळ प्राणी भेटतो, मांजराच्या रूपातली बस येते. खलनायक नाही, मारामारी नाही, दीड तासाच्या आत संपतं. मी खूश होऊन बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "त्या पोरींची आई कुठंय?" मी म्हटलं, "दवाखान्यात." पुढचा अर्धा तास मी समजावत होतो की ती बरी होते, शेवटच्या नावांबरोबरच्या चित्रांत घरी आलेलीही दाखवलीय. काही उपयोग झाला नाही. आईवेगळ्या मुलींचा पिक्चर आपल्या मुलीने पाहिला, ही नोंद बायकोच्या दप्तरी कायमची झाली.

पण लेक त्या पिक्चरबद्दल एक बोलली ते माझ्या डोक्यात राहिलं. "बाबा, दुसऱ्यांदा बघितला तेव्हा जास्त बरं वाटलं." पहिल्यांदा तिलाही त्या आईची धास्ती होती. दुसऱ्यांदा नव्हती. मला एकदम आमचा टीव्ही आठवला. त्याच्यावर वर्षानुवर्षं तेच चार पिक्चर लागतात आणि आम्ही तेच बघतो. पुढे काय होणार याची काळजी नाही, मध्येच उठून कुकर बंद करून आलं तरी काही चुकत नाही. एकटं माणूस आधीच दिवसभर अनोळखी गोष्टींशी झटत असतं. तिकीट कुठल्या यंत्रात घालायचं, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा. रात्री आणखी एक अनोळखी गोष्ट त्याला कशाला द्यायची? आपण उगाच नवीन नावं शोधत होतो. पाठ असलेला पिक्चर हवा होता.

आमच्या घरात पाठ असलेला पिक्चर म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'. तोही १९८८चाच. मी फोन करून सांगितलं तर लेक म्हणाली, "मला काय तो सुचला नव्हता होय? दिसत नाही इथे."

झालं. आता नाव सापडलं, पण पिक्चर सापडेना. आमच्या ॲपवर तो होता. मी माझं खातं, पासवर्ड, सगळं दिलं. तिच्याकडे पाटी आली, तुमच्या देशात उपलब्ध नाही. ती फोनवर म्हणाली, "बाबा, यांना कसं सांगू की माझा देश तिकडे आहे?" भानगड अशी की दाखवण्याचे हक्क देशागणिक वेगळे विकलेले असतात, आणि ॲप तुमचं खातं कुठलं ते बघत नाही, तुम्ही इंटरनेटला कुठून जोडलेले आहात ते बघतं. पैसे साताऱ्यातून भरलेत, आडनाव अस्सल इथलं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

भाच्याने लगेच टोरंटवरून उतरवून घ्यायचा मार्ग सांगितला. लेक घाबरून म्हणाली, "त्याला म्हणावं गप बस." टोरंटमध्ये आपण पिक्चर घेत असतानाच त्याचे तुकडे इतरांना वाटतही असतो, आणि तिकडे हक्कदारांचे वकील यावरच नजर ठेवून असतात. थेट घरी नोटीस येते आणि शेकडो युरो मागतात. मग कपाटातली व्हीसीडी काढली. दोन तबकड्या, दुसरीवर चहाचा गोल डाग. पाठवणारच होतो, पण तिच्या लॅपटॉपला तबकडी घालायची फटच नाही.

शेवटी मी फोन टीव्हीसमोर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. इथून दाखवतो, तू तिथून बघ! चित्र दिसलं, पण गाणं आलं की आवाज गायब. फोनची अक्कल अशी की माणसाच्या बोलण्यापलीकडचं सगळं तो गोंगाट समजून गाळून टाकतो. अरुण पौडवालांचं संगीत गोंगाट ठरलं आणि आईचं खोकणं स्पष्ट पोचलं.

पण त्या फसलेल्या प्रयोगात लेक चक्क हसली. आई नेहमीप्रमाणे पुढचं सांगत होती, "आता बघ, आता त्यो येतोय." घरी असताना याच सवयीवरून लेक आजीशी भांडायची. आता म्हणाली, "आजीला बोलू दे. आजी नसेल तर मी हा पिक्चर इथे मिळाला तरी एकटी बघणार नाही."

दोन आठवड्यांनी तो तिकडेही लागतो अशी एक जागा तिला सापडली. नाव सांगत नाही, या जागा सारख्या बदलतात, आज असतं ते पुढच्या महिन्यात नसतं. मग पद्धत ठरली. रविवारी आमचे साडेसात, तिचे दुपारचे तीन. दोघांनी आपापल्याकडे पिक्चर लावायचा आणि फोन फक्त बोलण्यापुरता चालू ठेवायचा. आमच्या टीव्हीचा आवाज बारीक, तिच्या कानात इअरफोन, नाहीतर एकच वाक्य दोनदा ऐकू येतं. मी "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तीनला दोघांनी बटण दाबायचं. आई म्हणाली, "रॉकेट सोडतोयस व्हय रं?"

तीन-चार सेकंदांचा फरक तरी राहिलाच. आम्ही पुढे, ती मागे. तिला विनोद पोचायच्या आधी आजीचं हसणं पोचायचं. मी थांबवून परत जुळवायला निघालो तर म्हणाली, "राहू दे बाबा, घरी पण ती आधीच हसते." जाहिरातींनी मात्र घोळ घातला. आमच्याकडे अगरबत्ती, तिच्याकडे कपड्यांची पावडर, आणि दोन्हींची लांबी वेगळी. प्रत्येक जाहिरातीनंतर पुन्हा "एक, दोन, तीन".

उत्तरार्धात तिच्या इअरफोनची बॅटरी संपली. तिने फोन स्पीकरवर टाकला. इथे आम्ही चौघं, शेजारच्या काकू धरून, आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे साडीत. हसण्याला सुमार राहिला नाही. तेवढ्यात तिकडे दार वाजलं. लेक उठून गेली. जर्मनमध्ये काहीतरी हळू बोलणं झालं, "नाइन, नाइन", म्हणजे नाही, नाही, एवढंच कळलं. ती परत आली ती तोंड दाबून.

"काय झालं गं?"

"खालचे आजोबा आले होते. विचारत होते, या खोलीत नक्की किती जण राहतात? मी सांगितलं एकटीच, पण त्यांना पटेना. दाराआडून आत डोकावून बघत होते."

आई गंभीरपणे फोनपाशी वाकली. "परत आलं तर सांग त्यास्नी," ती म्हणाली, "धनंजय माने हितं ऱ्हात न्हाईत म्हणून."