मी वाचलो!

संपादकांचं पत्र तीन ओळींचं होतं. "लेख आवडला. मर्यादा २००० शब्दांची आहे, आपला लेख २५०० चा झाला आहे. कृपया बसवून द्यावा." एका पत्रामुळे एक घर कसं मोडतं, यावरच माझा लेख होता. पण लेख लिहिताना, अशी पत्रं लेखकाच्या घरीही येतात हे लक्षात आलं नव्हतं.

लेख इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'वर होता. नाटक १८७९ चं, म्हणजे माझ्याआधी त्यावर लिहायला लोकांना भरपूर वेळ मिळालेला. माझं म्हणणं एवढंच, की त्या घरात सत्ता कोणाची हे नायिका नोराच्या नवऱ्याच्या, टोरवाल्डच्या, व्याख्यानांवरून कळत नाही, पत्रं कोण उघडतो यावरून कळतं. हे एका वाक्यात सांगून झालं. उरलेले २४८० शब्द मी कुठे घालवले, हे शोधायची वेळ आता आली होती.

पहिल्या रात्री मी प्रत्येक कंजूष माणूस करतो तेच केलं. लेख तसाच ठेवून विशेषणं वेचायला बसलो. 'अत्यंत सूक्ष्म आणि तरल'मधलं 'तरल' गेलं. 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही' हे अख्खं वाक्य गेलं. (ते कधी कोणाला वावगं वाटलेलंच नसतं, पण आपण आपले वचकून असतो.) 'नाट्यवाचन करण्यात आले असता असे दिसून येते की' याचं 'नाटकात दिसतं की' झालं. मग एक खाणच सापडली. 'तिच्या साठी', 'दारा मागे', 'पेटी मध्ये' अशी शब्दयोगी अव्ययं मी जागोजागी तोडून लिहिली होती. संगणक मोकळ्या जागा मोजतो, त्यामुळे शुद्धलेखन सुधारलं तरी शब्द कमी होतात. अशा अकरा जोड्या मी जुळवल्या. रात्री एक वाजता एकूण हिशेब केला तेव्हा ३७ शब्द कमी झाले होते. राहिले २४६३. या वेगानं अजून तेरा रात्री लागणार होत्या, आणि तोवर लेखात एकही विशेषण उरलं नसतं. मुद्दा मात्र तितकाच गुबगुबीत राहिला असता.

सकाळी ताईला सांगितलं. ताई गणित शिकवते. ती म्हणाली, "अरे, पाचवा हिस्सा काढायचाय ना? मग नखं काय कापत बसलायस? प्रत्येक परिच्छेद काय करतो ते समासात एका ओळीत लिही. ज्याला ओळ सुचणार नाही तो काढ. दोघांना एकच ओळ सुचली तर एक काढ."

ऐकायला हे सोपं वाटलं. लेख छापून घेतला आणि पेन्सिलीनं समासात लिहायला लागलो. पहिल्या परिच्छेदासमोर लिहिलं, "इब्सेन जन्मला." खरंच, मी १८२८ पासून सुरुवात केली होती. नॉर्वेतलं शियेन गाव, वडिलांचं दिवाळं, औषधांच्या दुकानातली उमेदवारी, सगळं होतं. नोराच्या पत्रपेटीशी त्या दुकानाचा संबंध शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, पण तो लागेना. १४० शब्दांचे ३० झाले. म्हणजे नाटकाचं नाव, साल आणि माझं म्हणणं.

दुसऱ्यासमोर लिहिलं, "गोष्ट." तिसऱ्यासमोर, "गोष्ट, पुढे चालू." कथानक सांगणं हा आळसाचा सगळ्यात कष्टाळू प्रकार आहे. २१० शब्द घाम गाळून लिहिले होते आणि त्यात माझं म्हणणं एकदाही आलं नव्हतं. वाचकाला लागतं ते इतकंच: नोरानं नवऱ्याला वाचवायला वडिलांची खोटी सही करून कर्ज घेतलं, कर्ज देणाऱ्या क्रोगस्टाडला ते ठाऊक आहे, आणि ते उघड करणारं पत्र त्यानं टोरवाल्डच्या पेटीत टाकलंय. नोराला ते काचेतून दिसतं, पण पेटीची किल्ली टोरवाल्डकडे आहे. एवढं साठ शब्दांच्या आतबाहेर बसलं. आता २२०३.

चवथ्या परिच्छेदापाशी हात थबकला. तो मॅकरूनचा होता. टोरवाल्डची मनाई आहे म्हणून नोरा मॅकरून लपूनछपून खाते आणि विचारल्यावर सरळ खोटं बोलते. परिच्छेद बरा होता आणि खराही होता. पण समासात मी लिहिलं "नवरा ताबा ठेवतो", आणि पुढे पाहिलं तर पत्रपेटीच्या परिच्छेदासमोरही हीच ओळ लिहावी लागणार होती. दोन पुरावे एकच गोष्ट सांगत असतील तर माझ्या विषयातला ठेवायचा. मॅकरून दुसऱ्या लेखाचे होते, आणि तो लेख मला कोणी मागितला नव्हता.

मग एक लांबलचक उतारा. टोरवाल्डची आगपाखड मी साठ शब्द जशीच्या तशी उतरवली होती, आणि त्यातल्या एकाही शब्दावर पुढे बोललो नव्हतो. उतारा आपल्या वतीनं बोलेल या भरवशावर आपण त्याला सोडून देतो आणि तो नुसताच उभा राहतो. ज्या शब्दांवर मी खरंच बोलणार होतो ते तीन छोटे संवाद होते. क्रोगस्टाडनं कर्जाचं खत परत पाठवल्याचं वाचून टोरवाल्ड ओरडतो, "मी वाचलो!" नोरा विचारते, "आणि मी?" तो म्हणतो, "अर्थात तूही." त्या "अर्थात"मध्ये अख्खं लग्न आलं. तेवढं ठेवलं.

आता हात चालायला लागला होता, आणि हात चालायला लागला की माणूस बेफाम होतो. एका परिच्छेदासमोर मी लिहिलं, "माझ्या विरोधात." त्यात मीच शंका काढली होती, की किल्ली टोरवाल्डकडे असणं ही त्या काळची साधी घरगुती व्यवस्था असू शकते, त्यात सत्ता कसली शोधायची? मी स्वतःशीच म्हणालो, आपल्याविरुद्धची साक्ष आपण आपल्या पैशानं का आणावी? ९० शब्द एका झटक्यात उडवले. आकडा बघितला, १९८०! मी घरभर फिरून आलो.

ताईनं लेख वाचला आणि चष्मा काढला. "किल्ली नवऱ्याकडे. बरं मग? पेटीला किल्ली एकच असेल. एकाकडे राहणारच ना ती."

"अगं, पण पुढे दुसरं पत्र येतं ना!"

"येतं. त्याचं काय?"

तेव्हा मला दरदरून घाम फुटला. तिसऱ्या अंकात मोलकरीण दुसरं पत्र आणते ते हातात आणते, आणि ते नोराच्या नावाचं असतं. तिथे पेटीही नाही आणि किल्लीही नाही. तरीही टोरवाल्ड ते तिला मिळू देत नाही, स्वतः घेऊन वाचतो. माझ्या लेखातला हा सगळ्यात भक्कम पुरावा. पण तो भक्कम कशामुळे होता? आधी घेतलेल्या त्या शंकेमुळे. व्यवस्थेचाच प्रश्न असता तर कुलूप नसताना त्यानं बायकोचं पत्र बायकोला दिलं असतं. शंका काढून टाकली आणि उत्तर मागे उरलं. प्रश्न न विचारता उत्तर देणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेनं बघतात, तशी ताई माझ्याकडे बघत होती.

म्हणजे "माझ्या विरोधात" हा शेरा चुकला होता. तिथे "याच्याशिवाय दुसरं पत्र लंगडं" असं हवं होतं. परिच्छेद काय म्हणतो ते मी लिहिलं होतं, तो काय करतो ते लिहिलंच नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून बसलो, आणि या वेळी प्रत्येकासमोर लिहिलं की हा काढला तर पुढचं काय पडतं. तारांतेला नाच? नोरा तो टोरवाल्डला पेटीपासून लांब ठेवायला नाचते. तो काढला तर पत्राची भीती दिसत नाही. ठेवला. कुलपात सापडलेली मोडकी केसांची पिन? ती नोराचीच आहे, आणि ती आळ मुलांवर घालते. घरात राहणारी बाई कुलूप चोरासारखं उघडायला बघते, हे दुसरं काहीच दाखवत नाही. ठेवली. शंका परत आणली. २०७०.

सत्तर शब्द वर होते आणि मला नेमका कोणता परिच्छेद जायचा ते ठाऊक होतं. गेले चार दिवस मी त्याच्यासमोरची समासाची जागा कोरी ठेवली होती.

तो कोटीचा परिच्छेद होता. टोरवाल्ड पत्र वाचतो आणि म्हणतो, "मी वाचलो!" मराठीत वाचणं म्हणजे अक्षरं वाचणं आणि जीव वाचणं, दोन्ही. जो वाचतो तो वाचतो! ज्याला वाचू दिलं नाही, तिनं विचारावं, "आणि मी?" यावर मी ११८ शब्द लिहिले होते. ते लिहिताना मला स्वतःचा इतका अभिमान वाटला होता की रात्री उठून एकदा पुन्हा वाचले होते. अडचण एकच होती, इब्सेननं नाटक मराठीत लिहिलेलं नाही. त्याच्या भाषेत ही कोटीच नाही, म्हणजे तो पुरावा नव्हता, योगायोग होता. हा काढला तर पुढचं काय पडतं? काहीही पडत नव्हतं. फक्त मी पडत होतो.

मी तो तळटिपेत हलवून बघितला. तळटिपाही मोजतात असं कळलं. शेवटी 'कोटी' नावाच्या वेगळ्या फाइलीत नेऊन ठेवला. १९५२ झाले.

शेवटचं काम सांध्यांचं होतं. मधले परिच्छेद गेले की उरलेल्यांच्या सुरुवातीचे 'त्याचप्रमाणे' आणि 'वर पाहिल्याप्रमाणे' हवेत लोंबकळतात. वर काही पाहिलेलंच नसतं. ते बदलले, दोन जोडवाक्यं घातली, २२ शब्द वाढले. शेवट मात्र जसाच्या तसा राहिला: टोरवाल्ड विचारतो, तुला पत्र लिहू का? नोरा म्हणते, कधीच नाही. ती किल्ल्या ठेवून निघते आणि खालून दार लागल्याचा आवाज येतो. पत्रांचं राज्य तिथे संपतं, आणि माझा लेखही, १९७४ शब्दांवर.

ताईनं तो सलग वाचला, कुठेही न अडखळता. "आता कळलं," म्हणाली. मी लेख पाठवून दिला, खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "वाचलो बाबा!"

"आणि मी?" ताई म्हणाली. "हा लेख चार वेळा वाचलाय मी."

"अर्थात तूही," मी म्हणालो.

ती उठून गेली. दार जरा जोरातच लागलं.