तीन फासे, सहा चित्रं आणि ‘निम्म्या संधी’चा चुकलेला हिशोब

“जत्रेतल्या चित्रांच्या पटाला उगाच घाबरतात लोक. फासे तीन, चित्रं सहा, म्हणजे आपलं चित्र येण्याची शक्यता ३/६, बरोबर निम्मी. एक फासा जुळला तर लावलेल्या रुपयावर एक रुपया, दोन जुळले तर दोन, तिन्ही जुळले तर तीन. जोडी आणि तिकडी हा वरचा बोनस, म्हणजे गणित खेळणाऱ्याच्याच बाजूचं. हरलात तर पुढच्या डावाला दुप्पट लावा, एका जिंकण्यात सगळं वसूल. आणि बराच वेळ न आलेल्या चित्रावरच लावा.”

संभाव्यतेचा धडा शिकलेल्या आमच्या भाच्याने हा मेसेज ‘पॉइंट आहे’ असं म्हणत घरच्या ग्रुपवर टाकला, म्हणून उत्तर द्यावंच लागतंय.

खेळ असा: सहा चित्रांच्या पटावर आपल्या चित्राच्या घरावर पैसे लावायचे, मग तीच सहा चित्रं असलेले तीन फासे डब्यातून टाकायचे. मेसेजमधलं ‘बरोबर निम्मी’ हे पहिलंच गणित चूक आहे. तीन फाशांच्या शक्यता अशा सरळ बेरजेने मिळत नाहीत. तशा मिळत असत्या तर सहा फासे टाकल्यावर आपलं चित्र दर वेळी आलंच असतं. प्रत्यक्षात सहा फाशांतही तीनातल्या एका डावाला ते चित्र एकदासुद्धा दिसत नाही. बेरीज फसते, कारण ज्या डावात दोन फाशांवर आपलं चित्र येतं तो एकच डाव त्या बेरजेत दोनदा मोजला जातो.

मोजणी हाताने करता येते. तीन फाशांचे निकाल ६ × ६ × ६ = २१६. आपण झेंड्यावर लावलंय असं धरा. एकाही फाशावर झेंडा नाही असे ५ × ५ × ५ = १२५ निकाल. नेमक्या एका फाशावर झेंडा असे ७५, दोनांवर १५, तिन्हींवर १. झेंडा दिसण्याची शक्यता म्हणून ९१/२१६, म्हणजे ४२ टक्के. या चुकीत मेसेज लिहिणारा एकटा नाही. जिरोलामो कार्डानो हा सोळाव्या शतकातला नामांकित गणिती आणि अट्टल जुगारी. त्याचं फाशांवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापलं गेलं. एक फासा तीनदा टाकला की हवा तो अंक येण्याची संधी निम्मी, हीच चूक त्यातही आहे. ती सुधारून साडेतीनशे वर्षं होऊन गेली, आता तरी ती पुढे ढकलू नये.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. त्या ३/६ला अगदीच अर्थ नाही असं नाही. एका डावात सरासरी किती फाशांवर झेंडा येतो, त्याचं उत्तर खरोखर अर्धा फासा आहे. त्यामुळे रुपया लावला तर जिंकण्याच्या बाजूला सरासरी ५० पैसे येतात: ७५ × १ + १५ × २ + १ × ३ = १०८, भागिले २१६. पण मेसेज इथेच थांबतो. हरण्याची बाजू १२५/२१६ म्हणजे जवळपास ५८ पैसे आहे. वजाबाकी १७/२१६, दर रुपयामागे ७.९ पैसे तोटा. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात. खेळ समन्यायी ठरायला ते शून्य हवं. फासे अगदी सच्चे असले तरी हा खेळ समन्यायी नाही.

सगळ्यात घातक मुद्दा बोनसचा आहे, कारण खरं नेमकं त्याच्या उलट आहे. ते पाहायला सहाही घरांवर एकेक रुपया ठेवा: बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, झेंडा, मुकुट. आता डबा उलटा केला आणि तिन्ही फाशांवर वेगवेगळी चित्रं आली, तर तीन घरांवर एकेक रुपया मिळाला आणि तीन घरांचा एकेक गेला. हिशोब शून्य. जोडी आली, समजा दोन बदाम आणि एक झेंडा, तर बदामावर दोन आणि झेंड्यावर एक असे तीन रुपये मिळाले, पण उरलेल्या चार घरांचे चार गेले. पटवाल्याला एक रुपया सुटला. तिकडी आली तर तो तीन देतो आणि पाच घेतो, दोन रुपये सुटले. म्हणजे पटवाल्याची सगळी कमाई जोडी आणि तिकडीतूनच होते. २१६पैकी १२० निकालांत तिन्ही चित्रं वेगळी असतात आणि त्याला काहीच मिळत नाही. ९० निकालांत जोडी, ६ निकालांत तिकडी. ९० × १ + ६ × २ = १०२ रुपये, लागलेले २१६ × ६ = १२९६. हे पुन्हा तेच १७/२१६. जोडी पडली की एका घरावर ‘दुप्पट’ म्हणून जल्लोष होतो आणि त्याच वेळी चार घरं उचलली जातात.

दुप्पट लावायचा सल्ला तर घर बुडवणारा आहे. १० रुपयांपासून सुरू केलं तर १०, २०, ४०, ८०, १६०, ३२० असे सहा डाव हरल्यावर ६३० रुपये गेलेले असतात. सलग सहा डाव हरण्याची शक्यता पावणेचार टक्के आहे, म्हणजे एकदा जिंकेपर्यंतचे किंवा सलग सहा हरेपर्यंतचे डाव ही एक बैठक धरली तर साधारण सत्तावीस बैठकींत एकदा. बाकीच्या बैठकींत बहुतेक वेळा दहाच रुपये सुटतात. सहा हरांवर थांबायचं ठरवलं तर एका बैठकीत सरासरी ८९ रुपये पटावर लागतात आणि सरासरी तोटा ७ रुपये होतो. दहाचा एकच डाव खेळून उठलं असतं तर तो ७९ पैसे असता. दुप्पट लावून दर रुपयामागचा तोटा बदलत नाही, पटावर ठेवलेले रुपये तेवढे वाढतात.

बराच वेळ न आलेलं चित्र? फाशाला मागचे डाव आठवत नाहीत. शक्यता तीच, ९१/२१६.

मेसेजखाली ‘मी तर जिंकलोय’ म्हणणारे बरेच आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. दहा रुपयांचे शंभर डाव खेळले तर सरासरी तोटा ७९ रुपये, पण चढउतार त्याहून मोठा असतो, म्हणून चारांतला जवळपास एक जण फायद्यात उठतो. हजार डावांनंतर असा शंभरात एखादाच उरतो. पटवाल्याचे मात्र एका संध्याकाळीच शेकडो डाव होतात.

खेळण्याआधी एक विचारून घ्या: ‘दोन जुळले की दोन’ म्हणजे लावलेला रुपया परत मिळून वर दोन, की त्याच्यासकट दोन? त्याच्यासकट असेल तर एक फासा जुळल्यावर फक्त आपलाच रुपया परत मिळतो आणि तोटा रुपयामागे तब्बल ५० पैसे होतो. दुसरं, पट समन्यायी करणं अवघड नाही. लावलेला रुपया परत देऊन वर एकाला एक, जोडीला तीन आणि तिकडीला पाच द्यायचे: ७५ + ४५ + ५ = १२५, हरण्याच्या बाजूइतकेच. जोडीला दोनच ठेवायचे असतील तर तिकडीला २० द्यावे लागतील. भाच्याने पटवाल्याला हा भाव विचारावा. मान्य झाला तर खेळण्याबद्दल बोलू.