प्रिंटरला सारे आठवते

आमच्या प्रिंटरने कागद आत ओढणे कायमचे सोडले, तेव्हा मी त्याला मृत घोषित केले. त्याचा चिमुकला पडदा मात्र उजळत होता. ई-कचरा संकलन केंद्रातील गृहस्थांनी फोनवर विचारले, "मेमरी पुसली आहे ना?" ज्या यंत्राला कागद कोणत्या बाजूने घ्यायचा हेही आठवेनासे झाले, त्याची आणखी कोणती स्मृती पुसायची, ते मला कळेना.

त्यांनी शांतपणे समजावले, की छपाईला पाठवलेली पाने ज्या रॅममध्ये थांबतात ती वीज जाताच रिकामी होते. परंतु वाय-फायचा पासवर्ड, पत्त्यांची यादी आणि स्कॅन केलेला कागद थेट मेलने जावा म्हणून आपणच भरलेला ई-मेलचा पासवर्ड हे सारे दुसऱ्या चिपमध्ये असते आणि प्लग उपटला तरी जागचे हलत नाही. कार्यालयातील मोठ्या यंत्रांत हार्ड डिस्कही असते. आमचा प्रिंटर तेवढा श्रीमंत नव्हता.

तोवर मी उत्साहाच्या भरात टोनरची कार्ट्रिज काढून ती खरोखर रिकामी आहे का, हे हलवून पाहिले होते. प्रिंटर ज्या कार्ट्रिजला गेले दोन महिने "रिकामी" म्हणत होता, तिच्यातून सदराभर काळी भुकटी सांडली. गरम पाण्याकडे धावणार तोच सौभाग्यवतींनी अडवले. टोनर म्हणजे मुख्यतः प्लास्टिकची पूड. उष्णतेने वितळून चिकटणे हेच तिचे काम, मग ती कागदावर असो वा सदऱ्यावर. म्हणून सदरा बाहेर झटकून थंड पाण्यात घातला. जमीन ओल्या फडक्याने पुसली, कारण घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या गाळणीतून ही बारीक पूड पार होऊन खोलीभर पसरते.

आता प्रिंटर म्हणे, "कार्ट्रिज बसवा", आणि त्यावाचून मेनू उघडेना. ती पुन्हा बसवली आणि "नेटवर्क सेटिंग पूर्ववत करा" हा पर्याय निवडून मी हात झटकले. सौभाग्यवतींनी पत्त्यांची यादी उघडली. वाय-फाय पुसले गेले होते. पण "साडू (टाळणे)" ही माझी नोंद तिथे ठळकपणे उभी होती. त्यानंतरचा अर्धा तास येथे गाळतो. मग संपूर्ण फॅक्टरी रीसेट केला, तेव्हा यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि माझी कधी ओळखच नसल्यासारखे त्याने विचारले, "भाषा निवडा."

तरीही वाय-फाय आणि ई-मेल यांचे पासवर्ड मी बदलले. रीसेटने नोंदी दिसेनाशा होतात. त्या चिपमधून मुळासकट जातातच, याची हमी नसते. पडदाच मेला असता, तर एवढाच उपाय हाती उरला असता.

कार्ट्रिज पिशवीत घट्ट बांधून, जुन्या तिघींसह केंद्रावर नेली. तेथील गृहस्थांनी प्रिंटरचे झाकण उचलले. काचेवर माझा मूळ जन्मदाखला पालथा पडला होता. तो हरवल्याबद्दल मी तीन महिने सौभाग्यवतींना बोल लावत होतो, आणि त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या.